दुधाचा रतीब: पिशवी, सुटं की अ‍ॅप? आमच्या फ्लॅटचा तीन महिन्यांचा हिशोब

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जे बोललो तेच आहे, फक्त अडखळणं काढलंय. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून शेवटी एक छोटा तक्ता दिलाय.)

आजचा विषय आमच्या फ्लॅटमधल्या भांडणातून आलाय, आणि भांडण दुधावरून झालं होतं.

आम्ही पुण्यात तिघं एकत्र राहतो. मी ऑफिसला जातो, दुसरा नाइट शिफ्ट करून सकाळी साडेसहाला घरी येतो, आणि तिसरा एमपीएससीची तयारी करतोय. तिसऱ्याला घरून ठरावीक पैसे येतात आणि त्यातच महिना काढायचा असतो. एका महिन्यात दुधाचा त्याचा वाटा सातशेच्या वर गेला. तो म्हणाला, "अरे, चहाच पितो ना आपण? की लग्न आहे घरात?" मी म्हटलं, दूध महागलंय. तो म्हणाला, महागलंय ते मलाही माहितीये, पण पैसे नक्की कुठे गेले ते सांग.

मला सांगता आलं नाही. म्हणून आम्ही ठरवलं की सगळं लिहून ठेवायचं. एक महिना दुकानातली पिशवी, एक महिना गवळीकाकांचं सुटं दूध, आणि एक महिना अ‍ॅपवरून. सुटं दूध आधीपासून चालू होतंच, भांडणही त्याच बिलावरून झालेलं, म्हणून तो महिना पहिला धरला. फ्रिजवर कॅलेंडर लावलं आणि रोज त्यावर पेनाने खूण केली.

तुम्ही ऐकताना आमचे दर तसेच्या तसे घेऊ नका. गावागावात, ब्रँडब्रँडमध्ये फरक असतो. पद्धत घ्या आणि तुमचे आकडे टाका.

आधी हिशोबाची पट्टी ठरवू

आम्हाला रोज एक लिटर लागतं. मोजायला सोपं जावं म्हणून महिना तीस दिवसांचा धरू. त्यातले चार दिवस फ्लॅट रिकामा असतो, कारण दोन शनिवार-रविवार तिघंही गावी जातो. म्हणजे खरी गरज सव्वीस लिटरची.

आता बहुतेक लोक काय करतात? दर विचारतात. पिशवी अठ्ठावन्न, सुटं शहात्तर, संपला विषय. पण महिन्याचं बिल फक्त दराने ठरत नाही. आपण किती दिवसांचे पैसे दिले, दिलेल्या पैशात दूध खरंच किती आलं, आणि आलेल्यातलं किती वापरलं, यावर ते ठरतं. म्हणून आम्ही एकच प्रश्न धरला: प्रत्यक्ष पोटात गेलेल्या एका लिटरला किती रुपये पडले?

पहिला महिना: सुटं दूध

गवळीकाका रोज सकाळी सातला येतात. म्हशीचं दूध, शहात्तर रुपये लिटर. घट्ट, चांगलं, साय जाड येते. महिन्याचं बिल आलं दोन हजार एकशे अठ्ठावीस.

थांबा, सव्वीस दिवसांचे तर १९७६ व्हायला हवेत ना? दीडशे रुपये जास्त का? तर खाडे.

ज्यांच्या घरी कधी रतीब नव्हता त्यांच्यासाठी सांगतो. ज्या दिवशी दूध घेतलं नाही तो दिवस म्हणजे खाडा, आणि बिल करताना खाडे वजा होतात. पण खाडा आदल्या दिवशी सांगावा लागतो. आम्ही एका वीकेंडला सांगितलं होतं, दुसऱ्या वीकेंडला विसरलो. काकांनी दोन्ही दिवस तीन मजले चढून दूध पिशवीत बांधून कडीला अडकवलं. सोमवारी पहाटे आलो तेव्हा जिन्यातच वास येत होता. ते पैसे काकांनी लावले, आणि माझ्या मते बरोबरच लावले. त्यांनी दूध आणलं होतं. चूक आमची.

पण दुसरी गोष्ट वेगळी निघाली. आमच्या नाइट शिफ्टवाल्याने व्यायामाच्या डाएटसाठी स्वयंपाकघरात एक डिजिटल वजनकाटा घेतलाय. एक दिवस त्याने सहज दूध त्यावर ठेवलं. एक लिटर दुधाचं वजन एक किलो नसतं, थोडं जास्त असतं, साधारण १०३० ग्रॅम. कारण दुधात साखर, प्रथिनं, क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे ते पाण्यापेक्षा किंचित जड असतं. आमचं दूध भरलं ९६५ ग्रॅम. पाच दिवस मोजलं, रोज तेवढंच, पाच-सात ग्रॅम इकडेतिकडे. ९६५ ला १.०३ ने भागलं की येतात साधारण ९३७ मिली. म्हणजे रोज साठ-पासष्ट मिली कमी. एक कप चहाला लागतं तेवढं दूध.

इथे एक गंमत लक्षात घ्या. वजन कमी भरलं म्हणजे दुधात पाणी आहे, असं लगेच म्हणू नका. एका लिटरमध्ये दहा टक्के पाणी घातलं तरी वजनात फक्त तीन-चार ग्रॅमचा फरक पडतो, घरच्या काट्याला तो कळणारही नाही. वजनाचा काटा माप सांगतो, पाणी सांगत नाही. आमची भानगड मापाची होती.

मी काकांना विचारलं. सरळ, न भांडता: "काका, रोज थोडं कमी भरतंय, एकदा बघता का?" त्यांनी माप पुढे केलं. ॲल्युमिनियमचं जुनं माप, बुडाला चांगला पोचा आलेला. पोचा आत गेला की तेवढी जागा कमी. ते स्वतःच ओशाळले. दुसऱ्या दिवशी दुसरं माप आलं आणि काट्यावर १०३० च्या आसपास आकडा दिसला. तुमच्याकडे असं झालं तर मापावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे का ते बघा. दुधाची मापं तपासून त्यावर शिक्का मारण्याचं काम त्या खात्याचं आहे. आणि दूध उंचावरून ओतून फेसासकट माप भरलं जात असेल, तर फेस खाली बसू द्या आणि मग बघा.

आता पाण्याचं कसं ओळखायचं? अन्नसुरक्षेच्या सरकारी माहितीत एक सोपी चाचणी दिलेली आहे. गुळगुळीत तिरप्या पृष्ठभागावर, म्हणजे स्टीलचं ताट तिरकं धरलं तरी चालेल, दुधाचा एक थेंब सोडायचा. चांगलं दूध हळू ओघळतं आणि मागे पांढरी रेघ सोडतं. पाणी घातलेलं दूध भर्रकन खाली जातं आणि रेघ राहत नाही. ही चाचणी ढोबळ आहे, थोडंसं पाणी असेल तर कळणार नाही. लॅक्टोमीटर स्वस्तात मिळतो, पण त्यालाही फसवता येतं. साय काढून घेतली की दूध जड होतं, मग पाणी घातलं की हलकं होतं, आणि आकडा परत जागेवर येतो. म्हणून लॅक्टोमीटर बरोबर आणि साय मात्र पातळ, असं दिसलं तर शंका घ्यायला जागा आहे.

तर त्या महिन्याचा हिशोब: बिल २१२८, वापरलेले दिवस सव्वीस, रोजचे ९३७ मिली. म्हणजे प्रत्यक्ष दूध साधारण चोवीस लिटर चारशे मिली. लिटरमागे सत्याऐंशी रुपये! दर शहात्तर, पडलं सत्याऐंशी.

दुसरा महिना: दुकानातली पिशवी

कोपऱ्यावरच्या दुकानातून रोज अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या. टोण्ड दूध, छापील किंमत एकोणतीस. दुकानदार तीस घ्यायचा. वरचा एक रुपया कशाचा? "कूलिंगचा."

हे लक्षात ठेवा: छापील किमतीच्या वर घेणं नियमात बसत नाही, मग त्याला फ्रिजचं भाडं म्हणा नाहीतर काही म्हणा. तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आम्ही एका रुपयासाठी रोज बोललो नाही, हे कबूल करतो. पण रोजचे दोन रुपये महिन्याला पन्नासच्या घरात जातात.

खरी गळती दुसरीकडे होती. आणायला विसरणं. संध्याकाळी ज्याची पाळी तो विसरला की सकाळी चहाला दूध नाही. मग दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या अ‍ॅपवरून दोन पिशव्या मागवायच्या, आणि त्यावर हँडलिंग, डिलिव्हरी असं करत सरासरी पंचवीस रुपये जास्त. महिन्यात चार वेळा असं झालं.

मांडू या. बावीस दिवस साठ रुपयांनी १३२०. चार दिवस अठ्ठावन्न अधिक पंचवीस, म्हणजे त्र्याऐंशी रुपयांनी ३३२. एकूण १६५२. सव्वीस लिटर पूर्ण वापरलं, कारण रिकाम्या दिवशी आणलंच नाही. लिटरमागे साडेत्रेसष्ट. पिशवीचा हा मोठा फायदा आहे: खाड्याचा प्रश्नच नाही. तोटा असा की रोज कुणीतरी उठून जायला हवं.

पण ही तुलना बरोबर आहे का?

इथे एमपीएससीवाल्याने मला अडवलं. म्हणाला, सत्याऐंशी आणि साडेत्रेसष्ट शेजारी ठेवतोयस, पण दूध एकच आहे का? मुद्दा बरोबर होता.

पिशवीवर लिहिलेलं असतं, वाचा. टोण्ड म्हणजे किमान तीन टक्के स्निग्धांश. फुल क्रीम म्हणजे किमान सहा टक्के. म्हशीचं दूध फुल क्रीमच्या जवळ जातं. त्यामुळे काकांच्या दुधाची तुलना टोण्डशी नाही, फुल क्रीमशी करायला हवी. आमच्या दुकानात फुल क्रीमची अर्ध्या लिटरची पिशवी पस्तीसला, म्हणजे सत्तर रुपये लिटर. काकांचं माप बरोबर असतं आणि आम्ही खाडे वेळेत सांगितले असते, तर त्यांचं दूध शहात्तरला पडलं असतं. म्हणजे घरपोच आणून देण्याचे लिटरमागे सहा रुपये. हा फरक मोठा नाही. मोठा फरक पाडला तो पोचा आलेल्या मापाने आणि आमच्या विसरभोळेपणाने.

टोण्ड दूध हा प्रकारही आपल्याकडचाच, बरं का. १९४० च्या दशकात मुंबईत, आरेच्या दूध योजनेशी जोडलेले दारा खुरोडी यांच्या नावावर ही कल्पना आहे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर, मग त्यात दूध पावडर आणि पाणी मिसळून तेच दूध जास्त लोकांना कमी भावात पुरवायचं. त्यामुळे "पिशवीचं दूध पातळ आहे म्हणजे भेसळ आहे" असं म्हणू नका. ते ठरवून तसं केलेलं असतं. साय कमी येते त्याचं आणखी एक कारण म्हणजे होमोजिनायझेशन. त्यात स्निग्धांशाचे कण इतके बारीक करतात की ते वर तरंगून येत नाहीत. पिशवीवर तसं लिहिलेलंही असतं.

आणि सायीचं तूप? आम्ही काकांच्या दुधाची महिनाभर साय साठवून तूप कढवलं. अर्धा किलोच्या आसपास निघालं. बाजारभावाने तीनशे-साडेतीनशेचा माल. पण ते फुकट नव्हतं. त्या स्निग्धांशाचे पैसे आपण दुधाच्या दरात आधीच दिलेले असतात, आणि साय काढलेलं दूध आपण पितो. तूप हवंच असेल तर फायदा आहे. चहापुरतं दूध लागत असेल तर नाही.

तिसरा महिना: अ‍ॅप

तेच टोण्ड दूध, तीच छापील किंमत, शिवाय दर डिलिव्हरीला तीन रुपये शुल्क. पहाटे साडेपाचला दाराला पिशवी. एकदम आराम. सव्वीस दिवसांचं बिल व्हायला हवं होतं १५८६. झालं १७०८. कारण? परत तेच. खाडा!

अ‍ॅपवर त्याला पॉज म्हणतात. बटण एक सेकंदाचं आहे, पण आदल्या रात्री दहाच्या आत दाबावं लागतं. शुक्रवारी रात्री बसमध्ये बसल्यावर अकरा वाजता आठवलं. शनिवारचं दूध गेलं. दुसऱ्या वेळी फक्त शनिवार बंद केला, रविवार चालू राहिला. दोन दिवसांचे १२२ रुपये पाण्यात. काकांना निदान जिन्यात गाठून सांगता येतं, अ‍ॅपचं घड्याळ ऐकत नाही.

लिटरमागे पासष्ट रुपये सत्तर पैसे. म्हणजे दुकानापेक्षा दोन रुपये जास्त. पण नीट बघा. तीन रुपयांचं शुल्क महिन्याला फक्त अठ्ठ्याहत्तर रुपये होतं, आणि दुकानाच्या महिन्यात कूलिंग आणि घाईच्या ऑर्डरीत आमचे १४४ गेले होते. पॉज वेळेत दाबला असता तर अ‍ॅपच स्वस्त पडलं असतं.

अ‍ॅप वापरताना दोन गोष्टी बघा. एक म्हणजे वॉलेट. पैसे आधी भरावे लागतात, आणि ते सहसा त्याच अ‍ॅपमध्ये वापरावे लागतात. म्हणून पहिल्या महिन्यात ऑफर बघून मोठी रक्कम टाकू नका. गळकी पिशवी आली तर परतावाही वॉलेटमध्येच येतो, आणि फोटो ठरावीक वेळेच्या आत टाकावा लागतो. दुसरी म्हणजे ऑटोपे. ते चालू केलं असेल तर दूध बंद केल्यावर यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन तो मॅन्डेटही रद्द करा. नुसतं दुधाचं अ‍ॅप डिलीट करून तो जात नाही. आणि हिशोब बघायचा तर दराच्या पानावर नाही, वॉलेटच्या स्टेटमेंटमध्ये बघा. आम्हाला तिथेच कळलं की त्या महिन्यात ब्रेड आणि नारळपाण्याचे ३४० रुपये "दुधाच्या" खर्चात घुसले होते. वर सांगितलेल्या आकड्यात ते धरलेले नाहीत.

आणखी एक. पहाटे साडेपाचला आलेली पिशवी नऊपर्यंत दारात लटकत राहिली तर उन्हाळ्यात ती नासणारच. पाश्चराइज केलेलं, थंड राहिलेलं, न फुटलेल्या पिशवीतलं दूध न उकळताही पिता येतं. पण दाराबाहेर तापलेली पिशवी उकळूनच घ्या. उकळताना फाटली तर फेकून द्या. सुटं दूध मात्र नेहमी उकळायचंच, तिथे पर्याय नाही. गॅसची काळजी करू नका. रोज लिटरभर दूध उकळायला महिन्याचा गॅस साधारण वीस रुपयांचा लागतो.

मग आम्ही काय केलं?

हा तक्ता बघा.

| पर्याय | झालेला खर्च | वापरलेलं दूध | लिटरमागे | चुका न होता लिटरमागे |
|---|---|---|---|---|
| सुटं, म्हशीचं | २१२८ रु. | २४.४ लि. | ८७ रु. | ७६ रु. |
| दुकानातली टोण्ड पिशवी | १६५२ रु. | २६ लि. | ६३.५० रु. | ५८ रु. |
| अ‍ॅपवरची टोण्ड पिशवी | १७०८ रु. | २६ लि. | ६५.७० रु. | ६१ रु. |

तक्ता बघून मी म्हटलं, पिशवी जिंकली. एमपीएससीवाला म्हणाला, थांब. काकांच्या दुधाचा चहा करताना आपण पाणी जास्त घालत होतो की नाही? होतो. म्हशीचं दूध घट्ट, लिटरभर लागतच नाही. पाऊण लिटर घेतलं तर?

पाऊण लिटरचे सत्तावन्न रुपये. सव्वीस दिवसांचे १४८२. तिघांत वाटले तर प्रत्येकी ४९४. टोण्डच्या पिशवीपेक्षाही कमी! अर्थात प्रमाणात दूधही कमी आलं. चहा-कॉफीला ते पुरतं, पण रोज ग्लासभर दूध पिणारं कुणी असेल तर हा हिशोब चालणार नाही. त्यांनी पिशवीच घ्यावी.

तर सध्या आम्ही काकांकडे पाऊण लिटरचा रतीब लावलाय, बरोबर मापाचा. हे जमतं, कारण नाइट शिफ्टवाला साडेसहाला घरी येतो, सातला दूध घेतो, उकळतो आणि मग झोपतो. त्याची शिफ्ट बदलली की सातला दार उघडणारं कुणी नसेल, तेव्हा आम्ही अ‍ॅपवर जाऊ. त्यासाठी शुक्रवारी रात्री साडेनऊचा अलार्म आत्तापासूनच लावून ठेवलाय. त्याचं नाव आहे "खाडा".

फ्रिजवरचं कॅलेंडर अजून तिथेच आहे. महिन्याच्या एक तारखेला काका येतात, त्यांची वही आणि आमचं कॅलेंडर शेजारी ठेवतो, खाडे जुळवतो आणि पैसे देतो. गेल्या वेळी त्यांच्या वहीत आमचा एक खाडा जास्त निघाला. आमच्या फायद्याचा. एमपीएससीवाल्याने तो स्वतः दुरुस्त करून घेतला आणि सत्तावन्न रुपये जास्त दिले.

तुमच्याकडे रतीब असेल तर उद्या एकदाच काट्यावर भांडं ठेवा, शून्य करा, दूध ओता आणि आकडा आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात.